एक हजार चाळीस फुटांचं नेपथ्य

सगळ्या शहरात आपल्याला कुणी फसवू शकेल असं नेपथ्यकाराला वाटत नव्हतं. पंचवीस वर्षं तो स्वतःच लोकांना फसवत आला होता. दोन फूट खोलीचं पुस्तकांचं कपाट चार इंचात करून दाखवायचं, बारा फुटांच्या रंगमंचावर राजवाडा उभा करायचा, प्लायवूडला संगमरवराच्या शिरा काढायच्या, हा त्याचा धंदा. तेव्हा घर घ्यायचं ठरलं तसं बायकोने निर्धास्तपणे सांगून टाकलं, "जागेचं तू बघ. तुला मापं कळतात."

घर घ्यायला कारण सासूबाई होत्या. टेलिफोन खात्यात जन्म काढलेल्या या बाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. लिफ्ट नव्हती. खुब्याचं हाड मोडलं, आत सळई बसली, हाताशी वॉकर आला आणि तिसरा मजला चंद्राइतका लांब गेला. त्यांनी घर विकलं, पैसे मुलीच्या हवाली केले आणि लेक-जावयाच्या भाड्याच्या घरी हॉलमधल्या दिवाणावर मुक्काम टाकला. तिथून टीव्ही दिसे, स्वयंपाकघर दिसे, येणारा-जाणारा दिसे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या दिसत. साडी बदलायची तर दोघांना गॅलरीत पाठवावं लागे.

"मला महाल नको," त्या म्हणाल्या होत्या. "एक खोली द्या, जिला दार आहे. दाराला आतून कडी असली पाहिजे. आणि आत हा घोडा वळला पाहिजे." घोडा म्हणजे वॉकर.

बाकी सगळं बघून घेता येईल, यावर तिघांचं एकमत झालं.

नव्या इमारतीच्या विक्री कार्यालयात एसी इतका होता की माणसाने सही करून लवकर बाहेर पडावं. विक्री अधिकारी म्हणजे एक तरतरीत मुलगी, गळ्यात ओळखपत्र, बोलण्यात प्रत्येक वाक्याला 'सर'. तिने नमुना फ्लॅट दाखवला आणि तिथेच नेपथ्यकाराचा घात झाला. त्याला सगळं दिसलं. पलंग साडेपाच फुटांचा होता, एरवी असतो त्याहून फूटभर आखूड. कपाटं जेमतेम सव्वा फूट खोल. खोल्यांना दारंच नव्हती आणि दोन खोल्यांमध्ये विटांच्या भिंतीऐवजी काच. सोफ्यावर बसलं की गुडघे किंचित वर येत होते.

आता कुणीही शहाणा माणूस इथे सावध झाला असता. नेपथ्यकार खूश झाला.

"काम बघ काय केलंय," तो बायकोच्या कानाशी लागला. "पलंग आखूड केला की खोली फुगते. मी हे त्या वकिलाच्या नाटकात केलं होतं, आठवतं?"

"त्या नाटकात वकिलाचे पाय बाहेर येत होते," बायको म्हणाली.

"तो नट उंच होता."

माहितीपत्रकात फ्लॅटचा नकाशा होता, रंगीत, झाडाच्या कुंड्यांसकट. खोल्यांची मापं नव्हती. खाली ठळक आकडा होता, १०४० चौरस फूट. आकड्याच्या डोक्यावर एक चांदणी होती. नेपथ्यकाराला ती शोभेची वाटली.

"भाव फुटाला सहा हजार, सर. पंचवीस टक्के लोडिंग फक्त. या भागात कुणी देत नाही."

लोडिंग म्हणजे काय ते नेपथ्यकाराने विचारलं नाही. ट्रकचं असतं तसं काहीतरी असेल, सामान चढवण्याचं. आदल्या आठवड्यात एका दलालाने जुन्या इमारतीतली जागा दाखवली होती. ७४० चौरस फूट, भाव आठ हजार चारशे. रंग उडालेला, लिफ्टमध्ये कुणीतरी कोबी शिजवल्याचा वास. "हा भाव सांगतोय की धमकी देतोय?" असं नेपथ्यकार बाहेर पडल्यावर म्हणाला होता आणि या विनोदावर घरी येईपर्यंत खूश होता. इथे सहा हजारात एक हजार चाळीस. तीनशे फूट जास्त, फुटाला चोवीसशे कमी. यात विचार करायला काय उरतं?

तरी तो मापाचा माणूस. नाटकवाले सेट लावण्याआधी तालमीच्या हॉलमध्ये जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीने सगळं घर खऱ्या मापात आखून घेतात, म्हणजे नटांना दार कुठे, जिना कुठे हे पायाला कळतं. नेपथ्यकाराने घर विकत घेण्याआधी त्याची तालीम घ्यायचं ठरवलं. कागदावर मापं नव्हती, पण ती अडचण त्याला रोजचीच. चित्र असतं, रंगमंच केवढा ते माहीत असतं, मग चित्र त्या मापाला ताणायचं. त्याने नकाशावर पट्टी ठेवली, प्रमाण काढलं, आणि सगळ्या खोल्या मिळून बरोबर एक हजार चाळीस भरतील असं घर हॉलच्या जमिनीवर चिकटवलं.

दुपारी बायको आणि सासूबाई घर बघायला आल्या. "इथून आत या, आई. हे दार. अहो, तिकडून नका, ती भिंत आहे."

"दिसली नाही," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंची खोली अकरा बाय दहा आली होती. नेपथ्यकाराने दोन बाकं जोडून पलंग केला, टेबल उभं करून कपाट केलं. सासूबाई वॉकर टेकत आत गेल्या. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये साडेचार फूट होते. त्यांनी वॉकर उचलला, फिरवला, टेकला, पुन्हा उचलला, आणि एक पूर्ण गिरकी घेऊन दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग हवेत हात लांबवून त्यांनी नसलेल्या दाराची नसलेली कडी लावली.

"घोडा वळला," त्या म्हणाल्या. "घ्या घर."

बायको स्वयंपाकघराच्या पट्टीवर उभी राहून ओटा कुठल्या रंगाचा हवा ते ठरवत होती. संध्याकाळी बुकिंगचा चेक गेला.

महिन्याभराने कराराचा मसुदा आला. जाड होता. नेपथ्यकाराने संहिता चाळतात तसा चाळला, म्हणजे आपली एन्ट्री कुठे आहे तेवढं बघत. ती दुसऱ्या परिशिष्टात सापडली. कार्पेट क्षेत्र, ७०० चौरस फूट.

त्याला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा फ्लॅट आहे.

विक्री कार्यालयात या वेळी तिघंही गेली. सासूबाईंना घरी ठेवायचा प्रयत्न झाला, पण त्या म्हणाल्या, "पैसे माझेही आहेत. भांडण मला बघू दे." थंडगार हॉलमध्ये त्यांनी वॉकर खुर्चीशेजारी पार्क केला. विक्री अधिकारी पाण्याच्या बाटल्या घेऊन आली. नेपथ्यकाराने मसुदा पुढे सरकवला.

"यात चूक आहे. एक हजार चाळीस लिहायचं राहिलंय."

"नाही सर, बरोबर आहे. करारात कार्पेटच लिहायचं असतं, कायद्याने. एक हजार चाळीस हा सुपर बिल्ट-अप आहे."

"हे तुम्ही सांगितलं नाही."

"चांदणी होती, सर."

तिने माहितीपत्रक उघडून दाखवलं. पानाच्या तळाशी मुंगीच्या पावलांनी लिहिलं होतं, विक्रीयोग्य क्षेत्र. बायकोने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि नवऱ्याकडे बघितलं. त्या बघण्यात पंचवीस वर्षांचं नेपथ्य होतं.

"समजावून सांगते, सर," अधिकारी म्हणाली. तिने हे हजारदा सांगितलं असावं, कारण सांगताना ती मधूनच काचेबाहेर बघत होती. "कार्पेट म्हणजे घराच्या बाहेरच्या भिंतींच्या आतलं क्षेत्र. जिथे तुम्ही गालिचा घालाल."

"म्हणजे सातशे फूट गालिचा बसेल."

"तसं नाही. आतल्या भिंती त्यात धरतात. दोन खोल्यांच्या मधल्या. त्याखाली गालिचा कसा घालणार? तेवढे चाळीसेक फूट सोडा."

"सहाशे साठ," बायको म्हणाली.

"गॅलरी त्यात नाही. ती वेगळी. पन्नास फूट. मग बाहेरच्या भिंती, त्यांची जाडी, ब्याऐंशी फूट. सातशे, पन्नास आणि ब्याऐंशी, आठशे बत्तीस. याला म्हणायचं बिल्ट-अप."

"भिंतीवर मी राहत नाही," नेपथ्यकार म्हणाला.

"पण भिंतीशिवाय राहता येत नाही ना, सर. शेजाऱ्याशी सामाईक भिंत असेल तर तिची अर्धीच जाडी तुमच्याकडे धरलीय." हे तिने सवलत दिल्याच्या सुरात सांगितलं.

"अर्धी भिंत," सासूबाईंनी विचारलं. "मग खिळा किती खोल ठोकायचा? पलीकडच्याच्या भिंतीत गेला तर?"

"तसं काही नसतं, आजी."

"तुझी आजी जिवंत आहे का? मग तिला आजी म्हण. मला मॅडम म्हण, बाकीच्यांना म्हणतेस तसं."

"हो मॅडम. तर आठशे बत्तीसवर कॉमन एरिया. जिना, लिफ्ट, लॉबी, तळमजल्यावरचा स्वागतकक्ष, क्लबहाउस, जनरेटरची खोली. या सगळ्यात प्रत्येक फ्लॅटचा त्याच्या आकाराप्रमाणे वाटा. तुमचा दोनशे आठ. आठशे बत्तीस अधिक दोनशे आठ, एक हजार चाळीस. हा सुपर बिल्ट-अप. लोडिंग पंचवीस टक्के, मी तेव्हाच सांगितलं होतं."

इथे नेपथ्यकाराला एकदम फट दिसली. तो पुढे झुकला. "सातशेचे पंचवीस टक्के एकशे पंचाहत्तर. सातशे अधिक एकशे पंचाहत्तर, आठशे पंचाहत्तर. एक हजार चाळीस कुठून आले?"

"लोडिंग बिल्ट-अपवर आहे, सर. कार्पेटवर नाही."

"आणि कार्पेटवर काढलं तर?"

"तसं आम्ही काढत नाही."

बायकोने मोबाइलवर काढलं. "एकोणपन्नासला थोडं कमी."

"तसं काढत नाहीत, मॅडम," अधिकारी पुन्हा म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटत असल्यासारखं दिसलं. तिने स्वतः या इमारतीत घर घेतलं नव्हतं. ती बसने यायची.

नेपथ्यकाराने एक हजार चाळीसला सहा हजारांनी गुणलं आणि सातशेने भागलं. मोबाइलवर आठ हजार नऊशेच्या वरचा आकडा आला. त्याने तो पुसून पुन्हा काढला. मोबाइल हट्टाला पेटला होता. कोबीच्या वासाची जागा आठ हजार चारशेला होती, आणि तो भाव थेट कार्पेटवर होता. त्या दलालाने धमकी दिली नव्हती, खरं सांगितलं होतं. पण खरं सांगणाऱ्याचं विक्री कार्यालय नसतं.

"त्या सातशे चाळीसचे किती होत होते सगळे मिळून?" बायकोने विचारलं.

"जवळपास एवढेच," नेपथ्यकार म्हणाला. "थोडे कमीच."

"आणि चाळीस फूट जास्त."

नेपथ्यकाराने मोबाइल खिशात टाकला.

"हा जो आमचा जिना आहे," सासूबाईंनी विचारलं, "आणि लॉबी. ती किती रुंद आहे?"

"नऊ फूट, मॅडम. प्रशस्त आहे." अधिकाऱ्याचा चेहरा पहिल्यांदा उजळला.

"तिथे घोडा वळेल," सासूबाई लेकीला म्हणाल्या. "माझा पलंग लिफ्टसमोर टाका. पैसे तिथेच गेलेत आपले."

दुसऱ्या दिवशी नेपथ्यकार तालमीच्या हॉलमध्ये गेला. पांढऱ्या पट्ट्या अजून जमिनीवर होत्या. एक नाटकमंडळी तिथे तालीम करत होती आणि मध्यंतरात दोन नट त्याच्या स्वयंपाकघरात उभे राहून चहा पीत होते. त्यांना हटवून त्याने लाल पट्टीचं रीळ काढलं. या वेळी करारातल्या नकाशावर मापं होती.

पांढऱ्याच्या आत लाल घर बसवताना त्याला आपली चूक दिसत गेली. चूक एक नव्हती, दोन होत्या. पहिली, त्याने जिन्यासकट, जनरेटरसकट सगळं क्षेत्र खोल्यांमध्ये वाटून दिलं होतं. सासूबाईंच्या खोलीत त्याने त्यांच्या वाट्याची लिफ्ट घातली होती. दुसरी चूक फक्त नाटकवाल्याच्या हातून होईल अशी होती. रंगमंचावर भिंतीला जाडी नसते. बांबूच्या चौकटीवर कापड ताणलं की भिंत झाली. प्रेक्षकाला जे दिसत नाही ते बनवायला निर्माता पैसे देत नाही. बिल्डरचं गणित नेमकं उलटं होतं. जे दिसत नाही त्याचेच पैसे आधी.

त्याने या वेळी भिंती दुहेरी रेघांनी आखल्या. बाहेरच्या नऊ इंच, आतल्या साडेचार. रीळ संपत आलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की लाल पट्टी भिंतींनाच जास्त लागली.

त्या दोघी आल्या. बायको स्वयंपाकघरात उभी राहिली, हात पसरला आणि बोटं पांढऱ्या पट्टीच्या बरीच आधी, लाल पट्टीशी थांबली. ओट्याच्या रंगाबद्दल ती काही बोलली नाही.

सासूबाईंची खोली नऊ बाय सव्वाआठ झाली होती. तोच पलंग साडेतीन फूट रुंद, तेच कपाट दोन फूट खोल. मधे उरले पावणेतीन फूट. सासूबाई वॉकर घेऊन आत शिरल्या. टोकापर्यंत गेल्या. तिथे वॉकर उचलला, वळवला, त्याचा एक पाय पलंगाला लागला. उलट्या बाजूने वळवला, कपाटाला लागला. त्या तिथे उभ्या राहिल्या, पाठ दोघांकडे करून.

"आत जाता येतं," त्या भिंतीला उद्देशून म्हणाल्या. "बाहेर यायला रिव्हर्स गिअर लागेल."

"कपाट बाहेर ठेवू, आई," नेपथ्यकार म्हणाला. "हॉलमध्ये."

"मग साडी काढायला हॉलमध्ये यायचं. तेच तर मी आत्ता करतेय, जावईबापू. त्याला एवढं घर कशाला?"

"पलंग लहान करता येईल."

"साडेपाच फुटांचा?" बायकोने विचारलं.

सासूबाई मागे मागे पाऊल टाकत दारापर्यंत आल्या. बायकोने त्यांचा दंड धरला. एका ठिकाणी वॉकरचा पाय लाल पट्टीवर पडला आणि पट्टी चिकटून वर आली. खोलीची एक भिंत त्यांच्याबरोबर बाहेर आली. कुणी हसलं नाही, म्हणजे सासूबाई हसल्या, पण फार नाही.

बुकिंग रद्द करायचं ठरलं. रद्द करण्याच्याही अटी होत्या आणि त्याही मुंगीच्या पावलांनी लिहिलेल्या होत्या. भरलेल्यातलं काही कापून उरलेलं परत मिळेल, यथावकाश. यथावकाश म्हणजे किती, ते मुंगीलाही माहीत नव्हतं. नेपथ्यकाराने त्याच दिवशी जुन्या दलालाला फोन केला.

"ती सातशे चाळीसची जागा..."

"गेली साहेब."

"कधी?"

"तुम्ही गेलात त्याच्या पुढच्याच आठवड्यात. एक जोडपं आलं, बरोबर टेप. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं, आकडा जुळला, टोकन देऊन गेले. वासाचं विचारलंही नाही." मग त्यानेच विचारलं, "तुमचं काय झालं? दुसरीकडे घेतलंत ना?"

"बघतोय अजून," नेपथ्यकार म्हणाला.

त्यानंतरचे दोन रविवार तो घरं बघत हिंडला, खिशात टेप. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न 'कार्पेट किती?' हाच विचारायचा, आणि प्रत्येक ठिकाणी समोरचा माणूस आधी झाडांबद्दल बोलायचा. एकाने 'वापरण्यायोग्य क्षेत्र' नावाचा चौथाच प्रकार काढला. एकाने कार्पेटमध्ये गॅलरी घातली. एकाने टेप बघूनच सांगितलं की साहेब आत्ता घाईत आहेत. घरी येऊन तो बूट न काढता खुर्चीत बसायचा. समोर दिवाणावर सासूबाई, त्यांच्या मागे टीव्ही, टीव्हीच्या मागे स्वयंपाकघर.

"मिळेल," सासूबाई म्हणायच्या. ते ऐकून त्याला जास्त त्रास व्हायचा. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या रविवारी तो घरं बघायला गेला नाही. गोदामात गेला. परत आला तो टेम्पोत बसून. मागे कापडी भिंती होत्या, हलक्या निळ्या, कुठल्याशा नाटकातल्या डॉक्टरच्या दिवाणखान्याच्या. आणि एक दार. त्या नाटकात नायिका तीनदा दार आपटून बाहेर जायची, म्हणून निर्मात्याने नाइलाजाने खरं लाकडी दार करू दिलं होतं, चौकटीसकट, कडीसकट.

घरचा हॉल दहा बाय अठरा होता. त्यातला दहा बाय आठचा तुकडा त्याने खिडकीच्या बाजूने तोडला. भाड्याच्या घराला खिळा चालत नाही, म्हणून भिंतींना मागून तिरके आधार दिले आणि आधारांवर वाळूच्या पिशव्या ठेवल्या. कपाट आत नेलं नाही, दाराच्या बाहेर शेजारीच उभं केलं, आणि आत चौकटीला खुंट्या लावल्या रोजच्या साड्यांपुरत्या. पलंग म्हणून तोच दिवाण, साडेतीन फूट. आठातून साडेतीन गेले, उरले साडेचार.

बायको सोफा तिरका सरकवून टीव्हीला जागा शोधत होती. आता हॉलमध्ये दोन माणसं बसली की तिसऱ्याने उभं राहायचं होतं.

"ही भिंत पडणार नाही ना?" तिने विचारलं.

"पन्नास प्रयोग झाले हिच्यावर. नायिका नव्वद किलोची होती."

सासूबाईंनी दारात थांबून आत बघितलं. निळ्या कापडावर डॉक्टरांच्या पदव्यांच्या चौकटी रंगवलेल्या होत्या, त्या पुसायच्या राहिल्या होत्या. सासूबाई आत गेल्या. वॉकरचे रबरी पाय टेकल्याचे आवाज आले, एका बाजूला, मग वळून दुसऱ्या बाजूला. दार लागलं. कापडाची भिंत जराशी थरथरली आणि थांबली.

"जावईबापू," आतून आवाज आला. इतका स्पष्ट, की त्या शेजारीच बसल्यात असं वाटावं. "कार्पेट किती?"

"ऐंशी फूट, आई."

"भिंत धरून की सोडून?"

"आतली भिंत आहे. धरायचीच असते. आणि जाडी काही नाही तिला."

"बरं. आता दोघं जरा गॅलरीत जा."

"का? दार आहे ना आता."

"दार आहे. पण मला बहिणीला फोन करायचाय, आणि तुमच्याबद्दल बोलायचंय."

आतून कडी लागली. नेपथ्यकार आणि बायको गॅलरीत जाऊन उभी राहिली. गॅलरी कार्पेटमध्ये येत नाही, हे आता दोघांनाही पाठ होतं.